घरातल्या केबल्स आणि चार्जर: वॉटप्रमाणे रंगाच्या खुणा कशा करायच्या

रंगीत टेप आणायची आणि घरात प्रत्येकाला एकेक रंग वाटून टाकायचा, आईचा पिवळा, बाबांचा हिरवा, दादाचा लाल, असं बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं. त्याने ‘माझी केबल कुणी नेली’ ही रोजची कटकट थोडी कमी होते, पण चार्जिंगचं कोडं तसंच राहतं. आईच्या पिवळ्या केबलवर लॅपटॉप का रखडतो हे पिवळा रंग सांगू शकत नाही, आणि उद्या आईने फोन बदलला की त्या रंगाला काही अर्थच उरत नाही. म्हणून रंग माणसाला न देता वॉटला द्यायचा. माणसाला फक्त त्याच्या वस्तूचा रंग माहीत असला की पुरे.

समजायला सोपं जावं म्हणून ठाण्यातल्या वर्तकनगरमधलं एक ओळखीचं घर घेऊ. माणसं पाच. आजींकडे बीपी मोजायचं यंत्र आणि बटणांचा साधा फोन. आईंकडे २५ वॉटवर चार्ज होणारा सॅमसंग. बाबांकडे ८० वॉटच्या स्वतःच्या चार्जरसकट आलेला वनप्लस. ताई ऐरोलीला आयटी पार्कात जाते, तिचा ऑफिसचा लॅपटॉप टाइप-सीवर ६५ वॉट मागतो. धाकट्याकडे आयफोन १५. हॉलमधल्या ड्रॉवरमध्ये या सगळ्यांच्या केबल्सचं एकच भेंडोळं, आणि त्यातली अर्धी काळी, अर्धी पांढरी.

आधी सगळं बाहेर काढा

रविवारी सकाळी तासभर पुरतो. सगळे चार्जर आणि केबल्स जमिनीवर मांडायच्या, ऑफिसच्या बॅगेतल्या आणि गाडीतल्यासुद्धा. ठाणे-वाशी लोकलने रोज ये-जा करणाऱ्या माणसाच्या बॅगेत हमखास घरातली चांगली केबल असते आणि घरी त्याने कुणाची तरी भलतीच आणून ठेवलेली असते. आधीच टेप चिकटवायला घेऊ नका. ओळख पटल्याशिवाय लावलेला रंग बिनरंगी केबलपेक्षा वाईट, कारण त्यावर लोक विश्वास ठेवतात.

चार्जरचं लेबल वाचा

चार्जरच्या पोटावर बारीक, करड्या अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. डोळे ताणण्यापेक्षा मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा. पहिली ओळ इनपुटची असते आणि तिथे 100-240V असं दिसतं. हे भिंतीतून येणाऱ्या विजेबद्दल आहे. ‘हा तर २४० चा चार्जर’ असं म्हणून लाल टेप लावणारे भेटतात. आपल्याला हवी ती आऊटपुटची ओळ. ताईच्या चार्जरवर ती अशी होती:

```
OUTPUT: 5V⎓3A  9V⎓3A  15V⎓3A  20V⎓3.25A
```

प्रत्येक जोडीचा गुणाकार करा. १५, २७, ४५ आणि ६५. सगळ्यात मोठा आकडा हा त्या चार्जरचा वॉट. बाकीच्या जोड्या का दिल्यात? कारण टाइप-सीचा पॉवर डिलिव्हरीवाला चार्जर आणि फोन आधी एकमेकांशी बोलून घेतात. चार्जर आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो, फोन त्यातलं झेपेल ते मागतो, आणि मग तेवढंच दिलं जातं. ‘मोठ्या चार्जरने छोटा फोन जळतो’ ही भीती म्हणूनच निराधार. ताईच्या ६५ वॉटच्या चार्जरवर धाकट्याचा आयफोन बेलाशक लावावा. उलट बाजूने मात्र गोष्ट वेगळी. आयफोनच्या २० वॉटच्या चार्जरवर लॅपटॉप लावला तर तो एक तर चार्जिंग नाकारेल किंवा काम करता करता बॅटरी हळूहळू उतरत जाईल.

लेबल वाचतानाच बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्याखालचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. अशा अडॅप्टरना भारतात नोंदणी सक्तीची आहे, आणि तो क्रमांक खरा की खोटा ते ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून पाहता येतं. चिन्ह नसलेल्या, स्टेशनबाहेर घेतलेल्या चार्जरला मी कुठलाच रंग देणार नाही. तो सरळ ई-कचऱ्याच्या पिशवीत.

दोन-तीन तोंडांच्या चार्जरचं लेबल जरा सावकाश वाचा. वर ठसठशीत 65W असतं, आणि खाली बारीक अक्षरांत दोन्ही तोंडं वापरली तर ४५ आणि २० अशी वाटणी लिहिलेली असते. ताई रात्री लॅपटॉप लावून बसलेली असताना धाकटा शेजारच्या तोंडात फोन लावतो, आणि लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटून परत सुरू होतं. तो बिघाड नाही; चार्जरने हिशोब नव्याने मांडला आणि लॅपटॉपच्या वाट्याला ४५ आले. अशा चार्जरवर रंगाचा ठिपका अंगावर लावू नका, प्रत्येक तोंडाशेजारी लावा, आणि तो वाटणीनंतरच्या आकड्याप्रमाणे लावा. एकट्याने वापरलं तर जास्त मिळेल, ते मिळो.

केबलचं काय

सगळा घोळ इथे आहे. चार्जरवर निदान लिहिलेलं तरी असतं, केबल बहुतेक वेळा मुकी. पण प्रत्यक्षात घरात चारच जातींच्या केबल्स असतात.

पहिली, एका टोकाला रुंद आयताकृती जुनी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी किंवा मायक्रो. साधी कामं हिची. दुसरी, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली सर्वसाधारण केबल. नियमाप्रमाणे अशा केबलने निदान ३ अँपिअर वाहून न्यायलाच हवेत, आणि २० व्होल्टला ३ ने गुणलं की ६० वॉट. तिची कमाल तीच. तिसरी दिसायला अगदी दुसरीसारखी, पण ५ अँपिअरची. हिच्या पिनेच्या आत एक छोटी चिप असते, ती चार्जरला सांगते की माझ्यातून ५ अँपिअर सोडायला हरकत नाही. जुन्या केबल्सवर 100W, नव्यांवर 240W छापलेलं आढळतं. चिपने होकार दिला नाही तर चार्जर ३ अँपिअरच्या वर जातच नाही.

आता ताईच्या लेबलावरची शेवटची जोडी परत पाहा: २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर. पाव अँपिअरच जास्त, पण तेवढ्यासाठी तिला तिसऱ्या जातीची केबल लागते. फोनची साधी सी-ते-सी केबल लावली तर लॅपटॉपला ६० वॉट मिळतात. बरेच लॅपटॉप तेवढ्यावर मुकाट्याने चालतात, काही विंडोज लॅपटॉप मात्र Slow charger अशी सूचना दाखवतात. चार्जर बिघडला समजून लोक नवीन घेतात आणि जुनीच केबल त्याला लावतात.

चौथी जात कंपन्यांच्या खासगी वेगवान चार्जिंगची. बाबांच्या चार्जरवर मोठा आकडा होता 11V⎓7.3A. टाइप-सीच्या सर्वांसाठीच्या नियमांत केबलला ५ अँपिअरची मर्यादा आहे, म्हणजे ७.३ हे प्रकरण वेगळं. हा वेग त्यांचा चार्जर, त्यांची केबल आणि त्यांचा फोन असे तिघे एकत्र आले तरच मिळतो. यातला एक जरी बदलला तरी फोन चार्ज होतो, पण साध्या फोनसारखा. ओळखायची खूण सोपी आहे: लेबलावर ५ च्या वर अँपिअर दिसले, किंवा जुन्या रुंद यूएसबीच्या तोंडाचा चार्जर असून त्यावर ३० वॉटच्या पुढचा आकडा असला, तर तो चार्जर आणि त्याची केबल ही जोडी समजा.

केबलवर काहीच छापलेलं नसेल तर? सी-ते-सी असेल तर ३ अँपिअरचीच धरा. शंकेला वरचा रंग द्यायचा नाही.

चार रंग आणि पट्ट्या

इलेक्ट्रिकच्या दुकानात पीव्हीसी इन्सुलेशन टेप लाल, पिवळी, निळी, हिरवी आणि काळी मिळतेच, कारण वायरमनला थ्री-फेज आणि अर्थिंगसाठी त्याच रंगांचं काम असतं. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर असो किंवा नवी मुंबईत तुमच्या सेक्टरच्या बाजारात, कुठेही मिळते. त्यामुळे वेगळे रंग शोधत बसण्यापेक्षा हेच घ्यावेत. वाटणी अशी केली:

- निळा, एक पट्टी: जुन्या रुंद तोंडाचे साधे चार्जर आणि त्यांच्या केबल्स, १५ वॉटपर्यंत. बीपी यंत्र, बटणांचा फोन, इअरबड, ट्रिमर.
- पिवळा, दोन पट्ट्या: टाइप-सी तोंडाचे २० ते ४५ वॉटचे चार्जर आणि ३ अँपिअरच्या सी-ते-सी केबल्स. फोन आणि टॅबलेट.
- लाल, तीन पट्ट्या: ६५ वॉट आणि वरचे चार्जर, ५ अँपिअरच्या केबल्स. लॅपटॉप.
- हिरवा, पट्टी एकच पण बोटभर रुंद: खासगी जोडी. चार्जर आणि केबल एकमेकांना सोडत नाहीत.

पट्ट्यांची संख्या शोभेसाठी नाही. बऱ्याच पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि मोतीबिंदू असलेल्यांना निळा रंग काळपट दिसतो. आजींनी तर रंगाकडे न बघता बोटाने पट्ट्या मोजायला सुरुवात केली, आणि रात्री दिवा न लावता बाबाही तेच करू लागले.

नियम एकच: वस्तूच्या रंगाचा किंवा त्याच्या वरचा चार्जर, आणि तशीच केबल. दोन्हींत जो कमी, तेवढंच मिळणार. पिवळ्या फोनला लाल चार्जर आणि लाल केबल चालते. लाल लॅपटॉपला लाल चार्जर असून केबल पिवळी असेल तर ते पिवळंच झालं.

याला एक अपवाद आहे आणि तो आजींमुळे कळतो. त्यांच्या बीपी यंत्राला टाइप-सीचं छिद्र आहे, म्हणून धाकट्याने त्याला आपल्या आयफोनचा चार्जर सी-ते-सी केबलने लावला. दिवा लागला नाही. आजी म्हणाल्या, “मेलं यंत्र, परवाच तर आणलं.” यंत्र ठणठणीत होतं. सी-ते-सीमध्ये चार्जर समोर कुणीतरी आहे याची खूण पटल्याशिवाय वीज सोडतच नाही, आणि ती खूण पटवायला वस्तूच्या आत ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर लागतात. स्वस्त ट्रिमर, पंखे, टेबलावरचे दिवे आणि अशी यंत्रं बनवताना ते वगळले जातात. जुन्या रुंद तोंडाचा चार्जर मात्र समोर कुणी असो-नसो, ५ व्होल्ट देतच असतो. त्यामुळे निळ्या वस्तूला ‘वरचा रंग चालतो’ हा नियम लावायचा नाही; निळ्याला निळंच. घरातले सगळे जुने चार्जर भंगारात देऊ नका ते याचसाठी, चांगल्यातले दोन ठेवा.

सॅमसंगबद्दल एक बारीक गोष्ट. आईंच्या फोनला पूर्ण २५ वॉट घ्यायला चार्जरमध्ये पीपीएस नावाची सोय लागते. लेबलावर PPS अशी वेगळी ओळ असते. ती नसेल तर २० किंवा ३० वॉटच्या चार्जरवरही फोन Fast charging म्हणतो, Super fast charging म्हणत नाही. अशा घरात पीपीएसवाल्या पिवळ्या चार्जरवर मार्करने ‘प’ लिहून टाकावं. पाचवा रंग आणू नका, लोकांच्या लक्षात राहत नाही.

टेप लावायची पद्धत

टेपची रुंदी साधारण १८ मिलिमीटर असते. कात्रीने उभी कापून तीन अरुंद पट्ट्या करा. केबल सॅनिटायझरने पुसून कोरडी होऊ द्या, कारण हाताचा तेलकटपणा राहिला तर टेप आठवड्यात सरकते. पिनेपासून चार बोटं सोडून पट्टी सुरू करा. पिनेजवळचा जाडसर, वाकणारा भाग झाकायचा नाही; तो वाकण्यासाठीच असतो, आणि कडक झाला की केबल नेमकी तिथेच तुटते. पहिला वेढा ताणून, शेवटचा मुळीच न ताणता. ताणलेली पीव्हीसी टेप मागे खेचली जाते आणि टोक सुटून गोंद बाहेर येतो. मग ठाण्याच्या मे महिन्यात त्याला धूळ आणि केस चिकटतात. दोन पट्ट्यांमध्ये एका पट्टीइतकी जागा सोडा, म्हणजे बोटाला मोजता येतात. खूण दोन्ही टोकांना करा, कारण एक टोक नेहमी सोफ्यामागे असतं.

उष्णतेने आवळणारी नळी, म्हणजे हीट श्रिंक, दिसायला सुबक असते, पण तयार केबलवर ती बसवणं नवख्याच्या हातचं नाही. टाइप-सीच्या पिनेवरून सरकवायला सुमारे १२ मिलिमीटरची नळी लागते. सर्रास मिळणारी नळी निम्मीच आवळते, ती ४ मिलिमीटरच्या केबलवर सैल लोंबते. तीन पटींनी आवळणारी घेतली तर जमतं, पण काडेपेटी किंवा लायटर केबलजवळ नेण्यापेक्षा टेप बरी.

चार्जरवर पट्टी गुंडाळायची नाही. तोंडाशेजारी छोटा चौकोन चिकटवा. लेबल आणि पिनांची बाजू मोकळी ठेवा.

वस्तूंना ठिपके, ड्रॉवरला कागद

फोनच्या कव्हरवर, चार्जिंगच्या छिद्राशेजारी त्याच रंगाचा लहानसा ठिपका द्या. लॅपटॉपवर तो योग्य छिद्राशेजारीच लावा, कारण काही लॅपटॉपना टाइप-सीची दोन छिद्रं असतात आणि चार्जिंग एकातूनच होतं. ऑफिसच्या लॅपटॉपला टेप लावणं चालत नसेल तर पिशवीच्या चेनला लावा. ड्रॉवरच्या आतल्या बाजूला कागद: आजी निळा, आई पिवळा ‘प’, बाबा हिरवा आणि अडल्यास पिवळा, ताई लाल, धाकटा पिवळा.

जुळलं का ते तपासा

पन्नास टक्क्यांच्या खाली बॅटरी असतानाच तपासा. ऐंशीच्या पुढे प्रत्येक फोन आपणहून हात आखडता घेतो, तेव्हा केबलला दोष देण्यात अर्थ नाही. आयफोन १५ ला २० वॉट किंवा वरचा चार्जर आणि धड केबल असेल तर अर्ध्या तासात निम्मी बॅटरी व्हायला हवी. तो बंद ठेवून घड्याळ लावलं की कळतं. मॅक असेल तर System Information मध्ये Power वर गेल्यावर चार्जरचे वॉट आकड्यात दिसतात, आणि तिथे केबल बदलून पाहिली की ३ आणि ५ अँपिअरचा फरकही उघड होतो. घरात केबल्स बऱ्याच असतील तर मध्ये लावायचं छोटं टाइप-सी मीटर घ्या. व्होल्ट ९ आणि अँपिअर २ च्या वर दिसले की पिवळं काम नीट चाललंय. व्होल्ट ५ वरच अडकले असतील तर फोन आणि चार्जरची बोलणी फिसकटलीत, आणि बहुधा केबलची पिन किंवा फोनच्या छिद्रातला कापूस कारणीभूत आहे. लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कापूस काढा.

दोन वेळा निकाल फसवा येतो. एक, उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत, उशीखाली किंवा जाड कव्हरमध्ये; फोन तापला की वॉट स्वतःच कमी करतो. दोन, पावसाळ्यात भिजून आल्यावर. छिद्रात ओल आहे अशी सूचना आली तर चार्जर काढून फोन वाळू द्या, दुसरी केबल लावून बघू नका.

चार्जिंग चालू असताना पिनेजवळ हात लावून पाहण्याची सवयही ठेवा. कोमट चालेल. बोट ठेववत नाही इतकी गरम, पिवळसर झालेली किंवा पिनेच्या सोनेरी पट्ट्यांवर काळा डाग असलेली केबल लाल असो वा निळी, तिची टेप काढून ती ई-कचऱ्यात द्या. खाडीकाठच्या दमट हवेत हे काळे डाग लवकर पडतात, म्हणून दर पावसाळा संपला की ड्रॉवर एकदा पुन्हा जमिनीवर ओतावा. त्याच वेळी बदललेल्या फोनचे ठिपके आणि ड्रॉवरमधला कागदही सुधारून घ्यावा. वर्तकनगरच्या घरात ताईने ५ अँपिअरची दुसरी केबल घेतली, एक ऑफिसच्या बॅगेत कायमची आणि एक घरी. नवीन खरेदी तेवढीच झाली, बाकी सगळं ड्रॉवरमध्ये आधीपासूनच होतं.